ताईंच्या शेऱ्यांना हात न लावता

आमच्या ऑफिसात कॉमेंटला कुणी कॉमेंट म्हणत नसे. शेरा म्हणायचे. ही पद्धत ताईंची, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरची. प्रोग्राममधल्या बाकीच्या ओळी यंत्रासाठी असतात. हॅशचं चिन्ह टाकून पुढं लिहिलेली ओळ यंत्र वाचतच नाही, ती फक्त माणसासाठी. बहुतेक प्रोग्रामर ती लिहायचा कंटाळा करतात. ताई तिथं मन मोकळं करायच्या. कुठल्या लॅबच्या डॉक्टरांनी काय अडचण सांगितली, म्हणून ही अट का घातली, कुणाच्या सांगण्यावरून काढली आणि कुणाच्या शिव्या खाऊन परत घातली, सगळं तिथं होतं. मराठीत, पण रोमन लिपीत, कारण त्यांनी सुरुवात केली तेव्हा दुसरी सोय नव्हती. इथं वाचायला बरं पडावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहितेय.

व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्राम ज्यात माहिती ठेवतो त्या खणांची, नावंसुद्धा मराठी. नमुना, वय, नाव, तपासणी, अवयव. आम्ही पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर करतो, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. एप्रिल-मेमध्ये मागच्या गल्लीत मिरच्या कुटायला लागल्या की सगळं ऑफिस शिंकतं आणि बाहेरगावचा क्लायंट फोनवर विचारतो, सगळ्यांना एकदम सर्दी झाली का? मी तिथं बीडीडी चाळीतून चालत जायचे. डेलाइल रोडवरून पुलाखालून, पंचवीस मिनिटं. आता आमचं घर टॉवरच्या सतराव्या मजल्यावर गेलंय, तरी चालतच जाते. लिफ्टची वाट बघण्यात पाच मिनिटं वाढली, एवढंच.

ताई निवृत्त झाल्या त्याला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एका मोठ्या कंपनीबरोबर भागीदारी ठरवली. कंपनी हैदराबादची. त्यांचे लोक आमचा कोड बघणार, पुढं वाढवणार. त्यांची अट साधी होती: आम्हाला नमुना कळत नाही, सॅम्पल लिहा. सगळी नावं इंग्रजीत हवीत. सोमवारी संध्याकाळपर्यंत.

सरांनी काम मला दिलं. मी त्या दिवशीच ताईंना फोन केला, कारण मला गप्प बसवत नाही. त्या म्हणाल्या, "नावं बदला हो, नावांचं काय. पण माझ्या शेऱ्यांना हात लावू नकोस. वीसेक वर्षं लिहिलंय ते."

मी म्हटलं, "ताई, एक अक्षर हलणार नाही."

आता मला एक खोड आहे. कामाला किती वेळ लागेल हे मी काम बघायच्या आधी सांगते. सरांना म्हटलं, शुक्रवारी जेवायच्या आधी देते. यादी केली: नमुना म्हणजे सॅम्पल, वय म्हणजे एज, नाव म्हणजे नेम, अशी दीडेकशे नावं. मग एक छोटी स्क्रिप्ट, जी प्रत्येक फाइल उघडून यादीतला डावा शब्द शोधते आणि उजवा ठेवते. चालवली. चार सेकंद. मी खुर्ची मागं ढकलून चहा मागवला.

माझ्या शेजारी बसणारा टेस्टर लालबागचाच. आई मालवणची, त्यामुळे चिडला की त्याची भाषा तळकोकणात उतरते. आम्ही बिघडवायचं आणि त्यानं शोधायचं, ही आमच्यातली वाटणी. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अगो बाय, ह्यां अएजव काय असतां?"

अवयवच्या पोटात वय होतं. माझ्या स्क्रिप्टनं ते काढून तिथं एज घातलं होतं. अवयवचा अएजव झाला होता, आणि तोही एका ठिकाणी नाही.

ठीक आहे, म्हटलं. रेजेक्सनं करू. रेजेक्स म्हणजे अक्षरांचा साचा देऊन मजकूर शोधायची सोय. त्यात शब्दाची हद्द सांगता येते: वय हा अख्खा शब्द असेल तरच बदल. अवयव वाचले. पण डेटाबेसला विचारायचे प्रश्न कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेले असतात, "नाव, वय आण" असे, आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या लॅबमध्ये बसवलेल्या डेटाबेसमधले रकाने मराठीच राहणार होते. रेजेक्सला अवतरण कळत नाही. त्यानं तिथंही एज घातलं. डेटाबेस म्हणाला, एज नावाचा रकाना माझ्याकडे नाही. अहवालावर छापायचं "नमुना" हे लेबलसुद्धा सॅम्पल झालं. आणि ताईंचे शेरे? "नमुना घेतानाच नाव विचारा" याचं "सॅम्पल घेतानाच नेम विचारा" झालं होतं. एका ठिकाणी "सरांना नेम सांगितलेलं नाही" असं काहीतरी दिसलं आणि मी फिस्सकन हसले. पुढं वाचलं नाही. घाई होती.

मग मी हट्टाला पेटले. रेजेक्सला म्हटलं, अवतरणातलं सोड, हॅशच्या पुढचं सोड. साचा दोन ओळींचा झाला. नमुन्याच्या बाटलीवरच्या लेबलचा मजकूर होता "नमुना #", कारण हॅशच्या पुढं क्रमांक येतो. रेजेक्सला तो हॅश दिसला, त्याला वाटलं इथून शेरा सुरू झाला, आणि त्याच ओळीत पुढं आलेला खरा व्हेरिएबल तसाच राहिला. तो हॅश सांभाळला तर एका शेऱ्यात ताईंनी कुठल्याशा मशीनचं इंग्रजी नाव लिहिताना एकच अपॉस्ट्रॉफी टाकलेली, आणि तिचं चिन्ह एकेरी अवतरणासारखंच. रेजेक्सनं ती अवतरणाची सुरुवात धरली आणि पुढचं अवतरण सापडेपर्यंतचा सगळा कोड मजकूर म्हणून गिळला. एक भोक बुजवावं तर दुसरं. दुपारचे चार वाजले. चहा गार झाला होता, आणि जेवले तर मी नव्हतेच.

सर मागून आले. त्यांनी अर्धवट मराठी, अर्धवट इंग्रजी झालेले शेरे पाहिले. सर वाईट नाहीत, उतावळे आहेत. म्हणाले, "हे असं पाठवायचं? हसतील ते. तू एक कर, कॉमेंट सगळ्या काढून टाक. नाहीतरी त्यांना मराठी कुठं वाचता येतंय. सोमवारी सकाळी मला स्वच्छ कोड दाखव."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. मूळ कोड सुरक्षित होता, जुनी प्रत कधीही परत आणता येते, ती काळजी नव्हती. पण सोमवारी तो कोड हैदराबादला गेला की पुढचं सगळं काम त्याच प्रतीवर होणार. त्यात शेरे नसले तर ते कुठं एका जुन्या डिस्कवर पडून राहणार, म्हणजे संपलेच. आणि ताईंना मी शब्द दिला होता, तोही तोंड वर करून.

आमच्या आईची शिकवण आहे, चूक केलीस तर तोंडावर जाऊन सांग, फोनवर नको. म्हणून शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन गिरगावातल्या फणसवाडीत गेले. ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. त्या थालीपिठं लावत होत्या. मी दारातच सगळं सांगितलं, अएजवसकट. त्यांनी तव्यावर झाकण ठेवलं आणि इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतल्या बाई डोकावून गेल्या.

मग म्हणाल्या, "शेरे काढा म्हणाले का?"

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही."

ताईंनी थालीपीठ उलटलं. चेहरा हसराच होता, पण हात हळू झाला होता. मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं एखाद्या बाईनं एकाच जागी बसून लिहावं आणि कुणीतरी चहा पिता पिता म्हणावं, काढून टाक.

"अगं, पण तू हे रेजेक्सला कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या. "त्याला नुसती अक्षरं दिसतात. नाव कुठलं, अवतरणातला मजकूर कुठला, शेरा कुठला, हे कुणाला कळतं? पायथॉनला. कळल्याशिवाय तो प्रोग्राम चालवतो का? मग त्यालाच विचार ना. त्याचा टोकनायझर त्याच्या पेटीतच असतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. टोकनायझर मला माहीत होता. परीक्षेपुरता. भाषेनं कोड वाचताना आधी त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावायची: हे नाव, हा आकडा, हे चिन्ह, हा अवतरणातला मजकूर, हा शेरा. "नमुना #" हा त्याच्या लेखी मजकुराचा एक सलग तुकडा, त्यातला हॅश त्याला फसवत नाही. शेऱ्यातली अपॉस्ट्रॉफी शेऱ्यातच राहते. शिवाय प्रत्येक तुकडा कितव्या ओळीत, कितव्या अक्षरावर सुरू होतो आणि कुठं संपतो, तेही तो सांगतो.

जेवणाचं ताट बाजूला सारून मी ताईंच्या जेवायच्या टेबलावर लिहायला बसले. नाव अशी चिठ्ठी असलेला तुकडा यादीत असेल तर बदलायचा. बाकी कशालाही बोट लावायचं नाही. पहिल्याच फाइलला गडबड झाली, कारण रोमनमध्ये वय तीन अक्षरांचं आणि एजही तीन, नमुना सहा, सॅम्पलही सहा, पण तपासणीची आठ-नऊ अक्षरं जाऊन टेस्टची चारच आली की त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या जागा सरकतात.

ताई मागून म्हणाल्या, "शेवटून सुरू कर."

फाइलच्या शेवटच्या तुकड्यापासून उलटं वर जायचं. मग जे सरकतं ते आधीच बदलून झालेलं असतं, आणि जे बदलायचंय त्याची जागा ढळत नाही. स्क्रिप्ट चाळीस ओळींचीही झाली नाही. मी शुक्रवारी अख्खा दिवस साच्याला ठिगळं लावत बसले होते.

"आता तपास," ताई म्हणाल्या. त्यांना कुणावर विश्वास ठेवायची सवय नाही. मी जुन्या कोडमधले सगळे शेरे आणि अवतरणातले सगळे मजकूर त्याच टोकनायझरनं काढून एका फाइलीत ठेवले, नव्यातले दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्ही ताडून पाहिल्या. एका अक्षराचा फरक नाही. ताईंनी नुसतं "हं" म्हटलं आणि माझ्या पानात आणखी एक थालीपीठ टाकलं. तेव्हा मला खरोखर भूक लागली.

एकच गोष्ट त्यांना खटकली. शेऱ्यात वय आणि खाली कोडमध्ये एज, वाचणाऱ्याला जुळणार कसं? त्यांनीच तोड सांगितली: यादी तशीच्या तशी सोबत एका फाइलीत ठेवून दे, मराठी शब्द आणि त्याचा इंग्रजी. "एवढं तर बघतील ते," म्हणाल्या.

रविवारी सकाळी टेस्टरला ऑफिसात बोलावलं. तो हाफ पँटमध्ये आला, हातात घरच्या मासळीची पिशवी, आणि म्हणाला, "बारापर्यंत. सुरमई आहे." साडेअकराला त्यानं चूक काढलीच. एका जुन्या अहवालात ताईंनी वाक्याचा साचा अवतरणात लिहून त्यात वय, नाव अशा जागा मोकळ्या ठेवल्या होत्या, आणि त्या भरायला आसपासचे सगळे व्हेरिएबल त्यांच्या नावानिशी ओतले होते. साचा अवतरणात, म्हणून टोकनायझरनं तो सोडला. बाहेरच्या वयचं मात्र एज झालं. साचा वय शोधत बसला.

"तुझ्या टोकनायझरला पण हे कळलं नाही," टेस्टर म्हणाला.

"त्याचं कामच नाही ते. मजकूर म्हणजे मजकूर. त्या मजकुरात कुणाचं नाव लपलंय हे त्याला कसं कळणार?"

"मग कोणाला कळणार?"

"तुला. म्हणून तर सुरमई थांबलीय."

अशा सहा जागा निघाल्या. सगळ्या हातानं दुरुस्त केल्या. साचा तसाच ठेवला, शेजारी सांगितलं की वयच्या जागी एज घाल. शेवटची चाचणी हिरवी, म्हणजे पास, झाली तेव्हा सव्वाबारा झाले होते. पंधरा मिनिटं उशीर केल्याबद्दल त्यानं मला अजून माफ केलेलं नाही.

राहिले होते सर. त्यांनी शेरे काढायला सांगितले होते आणि मी काढले नव्हते. सोमवारी सकाळी मी सगळे शेरे फाइलीच्या क्रमानं कागदावर छापले, पिनेनं टाचले आणि त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "सर, कोड स्वच्छ आहे. शेरे जसेच्या तसे आहेत. काढायचे तर पाच मिनिटांत काढते, पण आधी हे वाचा. सगळे नको, थोडे."

सरांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर ते हसले. दुसऱ्यावर म्हणाले, "हा डॉक्टर! काय छळलंय यानं आम्हाला." चहा आला, तो पीत पीत वाचत राहिले, मधूनच मोठ्यानं. टेस्टर आणि मी उभेच. सर स्वतःच्या कंपनीची गोष्ट पहिल्यांदाच वाचत होते.

एका पानावर ते थांबले. मग मोठ्यानं वाचायला लागले:

"वय शून्य म्हणजे वय नाही असं नाही. तान्ह्या बाळाचं वय शून्यच असतं. 'वय असेल तर' एवढंच लिहिलं की पायथॉन शून्याला 'नाही' समजतो. चूक नव्या मुलीची. सरांना नाव सांगितलेलं नाही, माझी म्हणून सांगितली. मुलगी चांगली आहे, टिकली पाहिजे."

सात वर्षांपूर्वीचं होतं हे. वर्षाच्या आतल्या बाळांचे अहवाल मोठ्या माणसांच्या मापानं तपासले जात होते. बाळांना जे ठीक ते मोठ्यांच्या मापात चुकीचं दिसतं, आणि उलटही. लॅबच्या डॉक्टरांनी अहवाल बाहेर जायच्या आधी पकडलं म्हणून निभावलं. सरांनी सगळ्यांसमोर ताईंना झापलं होतं. ताई खाली मान घालून उभ्या होत्या. आणि मी? मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. त्या भागात आम्ही दोघींनी हात घातला होता. ताई म्हणाल्या ओळ माझी, आणि मी खरंच तसं समजले. वर घरी जाऊन आईला सांगितलं, आमच्या ताईंचं वय झालं गं, आता चुका होतात. ती फाइल नंतर माझ्याकडे कधी आलीच नाही. शुक्रवारी मी जिथं हसले, तीच ही ओळ होती. "सरांना नेम सांगितलेलं नाही." माझ्याच साच्यानं बिघडवलेली.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही नवी मुलगी कोण?"

त्या वर्षी ऑफिसात नवी मुलगी एकच आली होती. टेस्टर छताकडे बघायला लागला.

"मी," मी म्हटलं. "मीच, सर."

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," सर म्हणाले. "ताईंनी वयाच्या हिशेबात कधी चूक केली नव्हती." मग कागद उचलून त्यांनी आपल्या खणात ठेवले. "शेरे राहू देत. त्यांना मराठी येत नसेल तर शिकतील. नाहीतर आपल्याला विचारतील."

मी जिन्यात जाऊन ताईंना फोन केला. डोळे वाहत होते आणि खालून मिरचीचा खाटही येत होता, त्यामुळे नक्की कशानं ते मला सांगता येणार नाही. म्हटलं, "ताई, तो वयाचा शेरा."

त्या लगेच समजल्या. "अगं बाई. वाचलास का तो?"

"सरांनी मोठ्यानं वाचला."

"मग आता?"

"काही नाही. शेरे राहिले. ताई, तेवढा एक काढू का? हैदराबादचे लोक पण वाचतील एखाद्या दिवशी."

"मुळीच नाही," ताई म्हणाल्या. "एक अक्षर हलणार नाही, कोण म्हणालं होतं?"

चार वाजता कोड पाठवायचा होता. पावणेचारला मी ती फाइल शेवटची उघडली. ताईंचा शेरा होता, त्याच्याखाली ओळ, त्यात वयाचं एज झालेलं, बाकी सगळं बरोबर. अक्षर हलवायचं नाही असं ठरलं होतं. नवी ओळ घालायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. ताईंच्या शेऱ्याखाली मी हॅश टाकला आणि मराठीत लिहिलं: नवी मुलगी टिकली.